अपडेटनंतर फोन तापतो, चार्ज उतरतो: दोष सॉफ्टवेअरचा की बॅटरीचा?

प्रश्न: दादा, मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. अँड्रॉइड फोन अडीच वर्षांचा, ५००० एमएएचची बॅटरी. दहा दिवसांपूर्वी सिस्टिम अपडेट टाकलं आणि तेव्हापासून फोन लई तापतोय. सकाळी फुल्ल चार्ज करून निघतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ३० टक्क्यांवर. दोनदा तर २० टक्के असताना बंदच पडला. एक दुकानदार म्हणतो बॅटरी बदल, दुसरा म्हणतो रीसेट मार. नक्की काय करू?

उत्तर: रीसेट आत्ता मारू नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. तापणं आणि भराभर उतरणं हे सॉफ्टवेअरमुळेही होतं आणि बॅटरीमुळेही, त्यावरून काहीच ठरत नाही. पण २० टक्के दाखवत असताना फोन बंद पडणं हे शंभरात नव्वद वेळा बॅटरीचंच काम असतं. तरी लगेच बॅटरी घालायलाही धावू नका. आधी दोन-तीन रात्री फोनची घरीच परीक्षा घ्या. खर्च होईल तो एका यूएसबी मीटरचा, तोही शेवटी लागला तर. चार्जरमधून फोनमध्ये किती वीज गेली ते हा मीटर मोजतो, आणि मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो.

अपडेट बसलं आणि फोन चालू झाला, म्हणजे काम संपलं असं आपल्याला वाटतं. खरं तर तिथून पुढे आतलं काम सुरू होतं. फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप त्या प्रोसेसरसाठी आणि त्या सिस्टिमसाठी आधीच तयार करून ठेवलेलं असतं, म्हणजे ते उघडताना कमी मेहनत पडते. सिस्टिम बदलली की ही जुनी तयारी बरीचशी बाद होते आणि सगळी अ‍ॅप्स पुन्हा तयार करावी लागतात. फोटो गॅलरी सगळे फोटो पुन्हा चाळते, प्ले स्टोअर एकामागून एक अ‍ॅप अपडेट करत सुटतं. हे सगळं चालू असताना फोन गरम होणार आणि चार्ज खाणार, त्यात दोष काही नाही. दोन ते चार दिवसांत ते आपोआप निवळतं.

तुमचे दहा दिवस झाले, मग निवळलं का नाही? इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अ‍ॅप्स तयार करायचं हे काम अँड्रॉइड फोन चार्जिंगला असताना आणि त्याला कोणी हात लावत नसतानाच करायला घेतं. फौंड्रीत काम करणारी माझी बरीच गिऱ्हाइकं फोन कसा चार्ज करतात ते मी बघतो: शिफ्टमध्ये वीस मिनिटं, चहाला दहा मिनिटं, रात्री उशाशी व्हिडिओ बघत बघत. असा फोन दहा दिवसांत एकदाही शांत पडून चार्ज झालेला नसतो. काम अर्धवट राहतं, अ‍ॅप्स अर्धीकच्ची चालतात आणि प्रोसेसर जास्त राबतो. म्हणून पहिल्या रात्री एवढंच करा. प्ले स्टोअरमधली सगळी अपडेट उरकून घ्या, फोन एकदा रीस्टार्ट करा, कव्हर काढा, वायफाय असेल तर चालू ठेवा, चार्जरला लावून पंख्याखाली टेबलावर ठेवा आणि सकाळपर्यंत बघूसुद्धा नका. गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका.

घरात लॅपटॉप असेल आणि कोणाला यूएसबी डीबगिंग जमत असेल, तर हेच काम हुकूम देऊन करून घेता येतं:

```
adb shell cmd package bg-dexopt-job
```

अ‍ॅप्स किती आहेत त्यावर पाच मिनिटंही लागतात, अर्धा तासही. त्या वेळात फोन चांगलाच तापेल, घाबरून मध्येच केबल ओढू नका. दुकानात अपडेटनंतरची तक्रार घेऊन फोन आला, की मी आधी हेच करून घेतो आणि मग बाकीचं बघतो. काही फोन एवढ्यावरच परत जातात.

दुसऱ्या रात्री खरी परीक्षा. फोन ८० टक्क्यांच्या आसपास आणा. १०० वरून सुरुवात करू नका, कारण बरेच फोन १०० चा आकडा काही वेळ धरूनच ठेवतात आणि हिशेब चुकतो. एअरप्लेन मोड लावा, वायफाय आणि ब्लूटूथ बंद आहे का बघा, स्क्रीन बंद करा, आकडा लिहून ठेवा आणि झोपा. सात-आठ तासांत धडधाकट फोन एक ते तीन टक्के उतरतो. तेवढाच उतरला, तर आतमध्ये चोरून चार्ज खाणारं कोणी नाही असं धरा. दहा-पंधरा टक्के गेले, तर नेटवर्क नसतानाही फोन आत काहीतरी करतोय. मग तिसऱ्या रात्री हीच परीक्षा सेफ मोडमध्ये घ्या. पॉवरचं बटण दाबून मेनू आणा आणि पडद्यावरचा 'पॉवर ऑफ' बोटाने दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये सेफ मोडचा पर्याय येतो. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स झोपलेली असतात, फक्त कंपनीची चालतात. सेफ मोडमध्ये उतरणं थांबलं, तर दोषी तुमचं एखादं अ‍ॅप आहे, बॅटरी नाही.

शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीचा फोन असाच आला होता. फोन जेमतेम वर्षाचा, पण अपडेटनंतर पर्समध्ये नुसता पडूनसुद्धा गरम. एअरप्लेन मोडमध्ये रात्रीत १८ टक्के उतरला, सेफ मोडमध्ये २. फोन 'साफ' करून वेगवान करतो म्हणणारं एक अ‍ॅप तिने कधीतरी टाकलेलं. नव्या सिस्टिमने त्याला मागच्या मागे चालायला मनाई केली, की ते बंद पडायचं आणि लगेच स्वतःला पुन्हा उठवायचं. रात्रभर हाच खेळ. ते काढलं आणि फोन थंड झाला. तिला आधी कोणीतरी बॅटरी बदलायला सांगितलं होतं. बॅटरी बदलली असती तर नवी बॅटरीही रात्रीत तशीच उतरली असती. असली क्लीनर, बूस्टर, बॅटरी सेव्हर अ‍ॅप्स तुमच्याकडे असतील, तर परीक्षा न घेताच काढून टाका. त्यांचा उपयोग मला तरी कधी दिसलेला नाही.

आता तुमच्या कामाच्या जागेबद्दल, कारण ती बाजूला ठेवून हा हिशेब जुळणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल दुबळा येतो आणि फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो. त्यात अपडेटनंतर काही फोनमध्ये नेटवर्कची निवड पुन्हा ५जी वर गेलेली असते. शेडमध्ये ५जी धड पकडत नाही, धड सोडत नाही, आणि फोन दिवसभर ५जी-४जी उड्या मारत बसतो. एक शिफ्ट सिमच्या सेटिंगमध्ये ४जी निवडून काढा. दुपारी ३० च्या जागी ५० दिसले, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

दुसरी गोष्ट भट्टीची. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, फोन स्वतःच तिथे चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. भट्टीजवळ शर्टच्या खिशातला फोन काहीही न करता चाळिशी गाठतो. ही उष्णता त्या दिवसापुरती नसते, ती बॅटरीचं आयुष्य कायमचं खाते. त्यामुळे अडीच वर्षांचा तुमचा फोन हिशेबाला ऑफिसात बसणाऱ्याच्या फोनपेक्षा म्हातारा धरावा लागेल. आणि 'तापतो' हे ठरवायचं असेल, तर संध्याकाळी घरी, पंख्याखाली, अर्धा तास ठेवून मग बघा. हात कुठे चटकतो तेही बघा. वर कॅमेऱ्याच्या शेजारी गरम असेल तर बहुतेक फोनमध्ये तिथे प्रोसेसर असतो, म्हणजे काहीतरी चालू आहे. मधे आणि खालच्या भागात गरम असेल तर ती बॅटरी. फक्त चार्जिंगच्या तोंडाशी गरम असेल, तर आधी पिनमधला कचरा आणि केबल बघायची.

आता बंद पडण्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाची गुरुकिल्ली तिथेच आहे.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे दोन गोष्टी होतात. तिच्यात मावणारा चार्ज कमी होतो हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या आतला विरोध वाढतो. संध्याकाळी गल्लीत चार घरांच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्या नळाची धार बारीक होते, टाकीत पाणी असूनसुद्धा. तसंच इथे होतं. फोन नुसता पडलेला असताना बॅटरीचं व्होल्टेज ठीक दिसतं. कॅमेरा, फ्लॅश, व्हिडिओ कॉल असं काहीतरी एकदम जास्त करंट मागतं आणि व्होल्टेज खाली बसतं. साधारण ३.४ व्होल्टच्या खाली गेलं, की फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. पडद्यावर तेव्हा २० टक्के असतात आणि ते खोटेही नसतात. चार्ज आत आहे, पण मागितला तेव्हा बाहेर येत नाही.

आकड्यांत सांगतो. २० टक्क्यांना शांत बॅटरीचं व्होल्टेज ३.६८ च्या आसपास धरा. चांगली बॅटरी जोर पडल्यावर ०.१ ते ०.१५ व्होल्ट बसते, म्हणजे ३.५५ च्या आसपास राहते आणि फोन चालत राहतो. थकलेली बॅटरी ०.३ ने बसली की ३.३८, खेळ खलास. चार्जर लावल्यावर फोन लगेच १७-१८ टक्के दाखवत उठला, तर हेच झालं असं खुशाल समजा.

हे घरी बघता येतं. व्होल्टेज दाखवणारं एखादं साधं बॅटरी अ‍ॅप टाका. फोन ४० टक्क्यांच्या आसपास असताना, चार्जरला न लावता, दोन मिनिटं शांत ठेवून व्होल्टेज लिहा. मग ब्राइटनेस पूर्ण वाढवा, टॉर्च लावून व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करा आणि अर्ध्या मिनिटाने परत व्होल्टेज बघा. फरक दीडशे मिलिव्होल्टच्या आत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. तीनशेच्या वर असेल तर बॅटरी थकली. मधे असेल तर पुढची मीटरची परीक्षा लागेल. फोन लॅपटॉपला केबलने जोडून ही परीक्षा घेऊ नका. केबलमधून चार्ज जात असतो, त्याने व्होल्टेज उचललेलं दिसतं आणि फरक झाकला जातो.

लॅपटॉपवरून आकडे बघताना आणखी एक फसगत होते:

```
adb shell dumpsys battery
```

यात असं काहीतरी दिसतं:

```
  health: 2
  level: 43
  voltage: 3790
  temperature: 318
```

`temperature: 318` म्हणजे ३१.८ अंश. `voltage` मिलिव्होल्टमध्ये. आणि `health: 2` म्हणजे 'गुड'. हा 'गुड' दाखवून पुष्कळ जण भांडतात, की बॅटरी चांगली आहे, बघा फोनच सांगतोय. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की बॅटरी या क्षणी फार तापलेली नाही, फार थंड नाही, व्होल्टेज मर्यादेत आहे. किती चार्ज मावतो याच्याशी त्याचा संबंध नाही. निम्मी झालेली बॅटरीही `2` दाखवते.

फोनच्या सेटिंगमधला बॅटरीचा आलेखही बघून ठेवा. उतार जिन्यासारखा नसून सरळ घसरत गेला असेल, भले तो तीव्र असेल, तर काहीतरी सतत खातंय. ४१ वरून पाच मिनिटांत २२, मग बराच वेळ २२ च, असे कडे दिसले तर बॅटरी.

पन्हाळ्याकडच्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन तुमच्यासारखाच होता, म्हणून तो पूर्ण सांगतो. तीन वर्षं वापरलेला, ५००० एमएएचचा. अपडेटनंतर दुपारी ३० टक्के, तापतो, आणि संकलनाची नोंद करतानाच बंद पडतो. सकाळी दूध घालायला रांग लागलेली असते, त्यात फोन बंद पडला की सगळे यांच्या नावाने ओरडणार. त्यांच्या भाच्याने रीसेट मारून बघितलेला, काही फरक नाही.

आधी फोन उताणा, पाठ खाली करून काचेच्या काउंटरवर ठेवला आणि हळूच फिरवला. पाठ सपाट असेल तर फोन घासत थांबतो, बॅटरी फुगली असेल तर भोवऱ्यासारखा फिरतो. थांबला, म्हणजे फुगवटा नाही. फोन रात्रभर दुकानातच ठेवून घेतला. एअरप्लेन मोडमध्ये दोनच टक्के उतरला, म्हणजे चोरून खाणारं कोणी नाही. ४० टक्क्यांना शांत व्होल्टेज ३.७८, टॉर्च आणि व्हिडिओ चालू केल्यावर ३.४६. फरक ०.३२. इथेच संशय पक्का झाला होता, पण गिऱ्हाइकाला खर्चात घालायचं तर मोजून दाखवावं असं माझं मत आहे.

मोजायचं असं. आधी फोन पूर्ण उतरवायचा, पण शेवटचे टक्के कमी ब्राइटनेसवर, नुसती स्क्रीन चालू ठेवून उतरवायचे. जोर लावून उतरवला तर तो व्होल्टेज बसून मध्येच बंद होतो, आत चार्ज शिल्लक राहतो आणि मोजमाप चुकतं. बंद पडला की चार्जर आणि केबलच्या मधे यूएसबी मीटर लावायचा आणि फोन बंदच ठेवून साध्या १० वॉटच्या चार्जरने पूर्ण भरायचा. फास्ट चार्जर नको, त्यात उष्णतेत जास्त वाया जातं आणि काही कंपन्यांचे चार्जर मधे मीटर आला की बिचकतात. मीटरवर वॉट-आवर वाचायचे, एमएएच नाही. मीटरचा एमएएच पाच व्होल्टवरचा असतो आणि बॅटरीवर छापलेला साधारण ३.८७ वरचा. दोन्ही सरळ ताडून बघितले, की चांगली बॅटरीही खराब वाटते.

सचिवांच्या फोनने भरून १५.६ वॉट-आवर घेतले. यातले साधारण १५ टक्के वाटेत उष्णतेत जातात, म्हणजे बॅटरीत पोचले १३.३ च्या आसपास. नव्या बॅटरीत मावायला हवेत ५ एएच गुणिले ३.८७, म्हणजे १९.३५. भागाकार केला तर ६९ टक्के. या पद्धतीत पाच-सात टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून ७८ आलं तर मी लगेच बॅटरी बदला म्हणणार नाही. पण सगळीकडे ८० टक्क्यांच्या खाली बॅटरी थकली असं धरतात, आणि ६९ ला वर ०.३२ चा फरक असेल तर प्रश्नच उरत नाही. बॅटरी बदलली. पुन्हा तसंच मोजलं, २२.४ वॉट-आवर गेले, म्हणजे ९८ टक्के. तेच अपडेट, तीच अ‍ॅप्स, आणि फोन संध्याकाळी ३५ टक्क्यांवर घरी जायला लागला. तापणंही कमी झालं, कारण आतला विरोध जास्त असला की त्याच करंटला बॅटरी स्वतःच जास्त गरम होते.

मग ते म्हणाले, "अहो, पण अपडेटच्या आदल्या दिवसापर्यंत बरा चालत होता की!" तुम्हीही हेच म्हणाल. बॅटरी त्या एका रात्रीत ६९ वर आली नव्हती, ती महिनोन्महिने झिजत होती. जुन्या सिस्टिममध्ये तिच्यावर पडणारा भार तिला कसाबसा झेपत होता. अपडेटनंतरच्या कामाने भार वाढला आणि ती उघडी पडली.

तरी 'अपडेटने बॅटरी बिघडवली' हे म्हणणं प्रत्येक वेळी चुकीचं असतं असं नाही. अ‍ॅपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आणलं, त्यात थकलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून प्रोसेसरचा वेग गुपचूप कमी केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ते मान्य केलं आणि नंतर २०१८ मध्ये सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दाखवायला सुरुवात केली. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए साठी असं अपडेट काढलं, की काही फोनच्या बॅटरीत मुद्दामच कमी चार्ज भरला जावा, कारण त्यांना बॅटरी तापायची भीती होती. त्यामुळे तुमच्या मॉडेलला नेमक्या याच अपडेटनंतर सगळीकडून ओरड आहे का, हे एकदा शोधून बघा. असेल तर पुढच्या अपडेटची वाट बघणं शहाणपणाचं. मात्र जुनी सिस्टिम परत टाकून देतो म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका. बऱ्याच फोनमध्ये मागे जायचा रस्ता कंपनीने बंद केलेला असतो आणि प्रयत्नात फोन कायमचा आडवा होतो.

बॅटरी बदलायचीच ठरली, तर वॉरंटी संपली असली तरी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये भाव विचारा. बाहेरच्या दुकानात बदलणार असाल तर जुनी बॅटरी आणि नवी बॅटरी हातात घेऊन बघा. नकली बॅटरी पुष्कळदा हाताला हलकी लागते, वर ५००० छापलेलं असलं तरी. बदलल्यानंतर वर सांगितलेली मीटरची परीक्षा घरी एकदा घ्या. ९० टक्क्यांच्या खाली आली तर नवी म्हणून जुना माल गळ्यात मारलाय. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की मी मीटर लावणार आहे, मग माल बरा निघतो! फोन उघडला की कंपनीची पाणी अडवणारी पट्टी तुटते, ती नवी लावून घ्या. तरीही आधीसारखी खात्री राहत नाही, तेव्हा जून-जुलैत दुचाकीवर फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत जा.

फोन काचेवर गरागरा फिरला, पाठ उचललेली दिसली किंवा डिस्प्ले एका बाजूने वर आला, तर वरच्या कुठल्याच परीक्षा घेऊ नका. बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका आणि भट्टीच्या आसपास तर मुळीच नेऊ नका. त्याच दिवशी बॅटरी काढून घ्यायची.

बॅटरी 'कॅलिब्रेट' करायला चार-पाच वेळा पूर्ण उतरवून भरा, असंही कोणीतरी सांगेल. एकदा केलं तर टक्क्यांचा आकडा जरा खरा होतो, मीटरच्या परीक्षेत ते आपोआप होऊनच जातं. वारंवार शून्याला नेलं तर बॅटरीच झिजते.

रीसेट कधी मारायचा? एअरप्लेन मोडमध्ये रात्री चार्ज जातोय, सेफ मोडमध्येही जातोय, अ‍ॅप्स तयार करून झाली, व्होल्टेजचा फरक दीडशेच्या आत आहे, मीटरवर बॅटरी ८५ च्या वर आहे, असं सगळं जुळलं तरच. आधी फोटो, व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेच्या अ‍ॅप्सची सोय करून. तुमच्या फोनला मला वाटतं ती वेळ येणार नाही.

आणि बॅटरी नवी, रीसेट झाला, तरी फोन तापतोच आहे, असं क्वचित होतं. तेव्हा फोन रात्री पूर्ण स्विच ऑफ करून ठेवा. बंद फोन रात्रीत काहीच उतरायला नको, फार तर एखादा टक्का. चार-पाच टक्के उतरले, तर बोर्डवर कुठेतरी गळती आहे. पाणी गेलेल्या किंवा पडलेल्या फोनमध्ये हे जास्त दिसतं. असा फोन दुकानात नेलात तर आधी विचारा, की बॅटरीऐवजी डीसी सप्लाय लावून बंद अवस्थेत करंट किती ओढतो ते बघणार का. सप्लायचा काटा शून्यावर हवा. पॉवरचं बटण न दाबताच तो काही मिलिअँपिअर दाखवत असेल, तर बोर्डवर कुठला भाग गरम होतोय ते शोधून तो बदलावा लागतो. त्यात ना अपडेटचा दोष, ना बॅटरीचा, आणि तिसरी बॅटरी घातली तरी ती तशीच उतरेल.